हॉलचा फोटो आधी रिकामा करा: फरशीची रेघ आणि भिंतीची कड न मोडता पसारा कसा पुसायचा

जुळे सोलापुरातल्या एका काकूंनी हॉलचं रूप बदलायचं ठरवलं होतं. गड्ड्याची यात्रा सुरू व्हायच्या आत रंग लागला पाहिजे आणि त्याआधी नवा हॉल कसा दिसेल ते चित्रात बघायचं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मी फोटो घेतला आणि पसाऱ्यासकट तसाच रिस्टाइलला, म्हणजे एआयकडून हॉलचं नवं रूप काढून घ्यायला, टाकला. दिवाणावर घडी घातलेल्या चादरींचा ढीग होता, त्याचं चित्रात गोल स्टूल झालं. कपाटाच्या बुडाशी सावली होती, तिची पायरी झाली. काकूंनी विचारलं, "अगं, आपल्या हॉलात ही पायरी कधी झाली?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हापासून मी आधी हॉल रिकामा करते, मगच रिस्टाइल. त्या हॉलवर दुसऱ्यांदा केलेलं काम इथे क्रमाने मांडलं आहे. तुम्ही हे पहिल्यांदाच करणार असाल तर एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात ठेवा. इनपेंटिंग म्हणजे फोटोतला आपण रंगवलेला भाग, म्हणजे मास्क, पुसून एआयकडून नव्याने भरून घेणं. ते मास्कच्या भोवती जे दिसतं त्यावरून आतलं भरतं. मास्कच्या दोन्ही बाजूंना रेघ दिसत असेल तर ते ती जोडतं. एकाच बाजूला दिसत असेल तर अंदाज करतं, आणि सहसा तो चुकतो. म्हणून मास्क रंगवण्याआधी रेघ कुठून कुठे जाते ते आपण ठरवायचं असतं.

## लागणारं सामान

- फोनचा साधा १x कॅमेरा. ०.५x ची रुंद लेन्स नको, तिच्यात कडेच्या रेघा वाकतात.
- ट्रायपॉड. नसेल तर उंच स्टूल आणि त्यावर पुस्तकांची चळत.
- मोजपट्टी.
- GIMP, रेघा आखण्यासाठी.
- पसारा पुसण्यासाठी IOPaint आणि त्यातलं LaMa मॉडेल. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवरही चालतं, फक्त थोडं थांबावं लागतं.
- Stable Diffusion चं वेब यूआय, म्हणजे `Inpaint` टॅब असलेलं AUTOMATIC1111. हे शेवटच्या हातासाठी आणि रिस्टाइलसाठी.

## १. फोटो घेतानाच अर्धा पसारा हलवा

सकाळी नऊच्या आत जा. आपल्याकडचं ऊन खिडकीतून व्हिट्रिफाइड फरशीवर पडलं की तिथे पांढरा पट्टा उमटतो आणि त्या पट्ट्यात फरशीचे जॉइंट दिसेनासे होतात. एकदा नाहीसा झालेला जॉइंट नंतर कुठल्याच सॉफ्टवेअरला सापडत नाही.

कॅमेरा समोरच्या भिंतीला सरळ धरा, जमिनीपासून सुमारे ४ फुटांवर, आणि वरखाली झुकवू नका. तो झुकला की भिंतीच्या उभ्या कडा तिरक्या होतात आणि पुढचं सगळं आखणं अवघड जातं.

आता हलवता येण्यासारखं सामान. प्लास्टिकच्या खुर्च्या, टीपॉय, चपला आधी डावीकडे सरकवून एक फोटो घ्या. मग उजवीकडे सरकवून कॅमेरा तिळभरही न हलवता दुसरा घ्या. GIMP मध्ये दोन्ही एकावर एक लेयर म्हणून ठेवले आणि वरच्या लेयरला मास्क देऊन खुर्च्या पुसल्या की खालची खरी फरशी मिळते. खऱ्या फरशीच्या तोडीचं इनपेंटिंग मी अजून पाहिलेलं नाही. घरच्यांना सामान सरकवायला सांगताना संकोच वाटतो, पण ही दहा मिनिटं पुढचे दोन तास वाचवतात. यानंतर उरतं ते जड सामान. आमच्या हॉलात डाव्या भिंतीला लागून दिवाण होता आणि समोरच्या डाव्या कोपऱ्यात लोखंडी कपाट.

## २. हॉल मोजा, काय पुसायचं नाही ते लिहा

हॉल १० फूट रुंद आणि १८ फूट लांब. फरशी २ बाय २ फुटांची, म्हणजे रुंदीत बरोबर पाच. कॅमेरा समोरच्या भिंतीपासून १७ फुटांवर, हॉलच्या मधोमध. ही तीन वाक्यं वहीत उतरवून ठेवा, पुढे लागतील.

दुसरी यादी पुसायच्या नसलेल्या गोष्टींची. स्विचबोर्ड, सॉकेट, बीम, खिडकीची चौकट, एसीचं भोक. या गोष्टी पसारा वाटतात, पण सुतार आणि इलेक्ट्रिशियन नंतर याच चित्रावरून बोलतात. चित्रातून सॉकेट गेलं तर टीव्ही युनिट नेमकं त्याच्यावर बसवलं जातं. जड सामानाच्या मागे काय आहे तेही घरच्यांना विचारा. दिवाणामागे एक सॉकेट होतं. ते फोटोत दिसत नव्हतं, तरी मी रिकाम्या हॉलच्या चित्रात मोजून काढलं.

## ३. फोटो लहान करा आणि रेघा आखा

फोनचा फोटो ४००० बाय ३००० असेल तर कामासाठी १५३६ बाय ११५२ करा. दोन्ही आकड्यांना ८ ने भाग जातो, आणि Stable Diffusion ला ते लागतं. मूळ फोटो बाजूला जपून ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम. GIMP मध्ये नवा पारदर्शक लेयर घ्या, पेन्सिल घ्या, एका ठिकाणी क्लिक करा, `Shift` दाबून दुसऱ्या ठिकाणी क्लिक करा, सरळ रेघ येते. कॅमेऱ्यापासून लांब जाणारे फरशीचे जॉइंट अशा रेघांनी मागे वाढवत न्या. फोटो सरळ घेतलेला असेल तर ते सगळे एका बिंदूत मिळतात. आमच्या फोटोत तो बिंदू बरोबर मध्यावर आला, (७६८, ५७६). डाव्या आणि उजव्या भिंतीच्या तळाच्या रेघाही याच बिंदूकडे गेल्या पाहिजेत. एखादी रेघ दुसरीकडेच जात असेल तर एकतर लेन्सने ती वाकवली आहे किंवा तुम्ही चुकीची कड धरली आहे.

कपाटाने झाकलेला कोपरा असा शोधला. कपाट साडेसहा फुटी होतं, त्यामुळे त्याच्या वर दोन भिंतींमधली उभी कड उघडी होती. ती कड सरळ खाली आणली. समोरच्या भिंतीचा तळ उजवीकडे स्वच्छ दिसत होता, तो डावीकडे वाढवला. दोन्ही रेघा (४२८, ८४८) ला मिळाल्या. तोच फरशीचा कोपरा. मधल्या बिंदूतून या कोपऱ्यातून पुढे रेघ काढली तर ती फोटोच्या तळाला (४८, ११५२) ला बाहेर पडली. दिवाणापुढे डाव्या भिंतीचा तळ जेवढा उघडा होता, त्यावरून ती अचूक गेली. तीन वेगवेगळे पुरावे एका ठिकाणी जुळले की कोपऱ्यावर विश्वास ठेवायचा.

पहिल्या वेळी मी उलट केलं होतं. दिवाणापुढचा तो उघडा तुकडाच मागे वाढवला. तुकडा जेमतेम १४५ पिक्सेलचा आणि रेघ जाणार ४८७ पिक्सेल. तुकड्याच्या टोकाला ३ पिक्सेलची चूक असेल तर कोपऱ्यापर्यंत ती १० पिक्सेलची होते. छोट्या तुकड्यावरून लांबची रेघ कधी काढू नका. लांबच्या दोन रेघा जिथे छेदतात तो बिंदू धरा.

दुसरा सापळा स्कर्टिंगचा. चार इंची स्कर्टिंगला दोन आडव्या कडा असतात, वरची भिंतीशी आणि खालची फरशीशी. पांढऱ्या भिंतीवर वरची कड ठळक दिसते म्हणून डोळा तीच पकडतो. पुढे खालची कड धरली आणि मागे वरची, तर आमच्या मापाने मागच्या टोकाला २३ पिक्सेलचा फरक पडतो आणि हॉल एका बाजूने उघडत गेल्यासारखा दिसतो. दोन कडांना दोन वेगळे रंग द्या. मी फरशीच्या कडेला लाल आणि स्कर्टिंगच्या वरच्या कडेला हिरवा घेते.

### झाकलेल्या आडव्या जॉइंटची जागा

लांब जाणाऱ्या रेघा बिंदूवरून मिळतात, पण आडव्या जॉइंटमधलं अंतर मागे जाताना कमी होत जातं. ते डोळ्यांच्या अंदाजाने आखलं की फरशा कुठे लांबट तर कुठे चपट्या होतात. यासाठी कर्ण वापरा. पूर्ण उघडी दिसणारी एक चौरस फरशी निवडा आणि तिचा कर्ण दोन्ही बाजूंना वाढवत न्या. तो पुढच्या प्रत्येक फरशीच्या कोपऱ्यातून जातो. लांब जाणाऱ्या जॉइंटना तो जिथे छेदतो, तिथून आडवी रेघ काढा. तोच पुढचा जॉइंट.

आमच्याकडे भिंतीचा तळ ८४८ वर होता आणि पुढचे जॉइंट ८८४, ९३१, ९९६ आणि १०८९ वर आले. अंतरं ३६, ४७, ६५, ९३ अशी वाढत गेली. तुमच्या आकड्यांमध्ये अशी क्रमाने वाढ दिसली नाही तर कुठेतरी एक जॉइंट सुटला आहे.

जुन्या शहरातल्या शहाबादी फरशीच्या घरात हे चालत नाही. तिथे दगड एकसारख्या मापाचे नसतात, जॉइंटही सरळ नसतात. अशा घरी फक्त भिंतीचा तळ आणि कोपरा आखा, आणि फरशी शेजारच्या दगडांवरून GIMP च्या `Perspective Clone` ने उतरवा. शहाबादीवर यंत्राने ओढलेली काटेकोर सरळ रेघ लगेच खोटी वाटते.

## ४. मास्क रंगवा: वस्तू, तिची सावली, तिचं प्रतिबिंब

नवखे लोक वस्तूच्या कडेला चिकटून मास्क रंगवतात. मग वस्तू जाते आणि सावली राहते. सावली राहिली की मॉडेलला तिथे काहीतरी असावंसं वाटतं आणि ते नवीन वस्तू आणून ठेवतं. मास्क वस्तूच्या बाहेर १० ते १५ पिक्सेल जाऊ द्या आणि सावली पूर्ण घ्या.

व्हिट्रिफाइड फरशीवर प्रतिबिंबही असतं. कपाटाचं प्रतिबिंब त्याच्या बुडापासून सरळ खाली उतरतं आणि वाटतं त्यापेक्षा बरंच लांब असतं. डोळ्यांना ते फिकट दिसतं म्हणून सुटतं. GIMP मध्ये `Levels` ने कॉन्ट्रास्ट तात्पुरता वाढवून बघा, करड्या कपाटाचा उलटा पट्टा फरशीवर उठून दिसेल. तेवढाही मास्कमध्ये घ्या.

## ५. आधी LaMa, छोट्यापासून मोठ्याकडे

```
pip install iopaint
iopaint start --model=lama --device=cpu --port=8080
```

ब्राउझरमध्ये `localhost:8080` उघडा आणि फोटो टाका. LaMa ला शब्द सांगावे लागत नाहीत, आणि ते नवीन सोफा किंवा कुंडी उगवत नाही. पुन्हा पुन्हा येणारी नक्षी पुढे नेणं त्याला चांगलं जमतं, म्हणून फरशीसाठी ते योग्य. मोठा भाग दिला की मात्र मधोमध धुकं करतं.

म्हणून क्रम पाळा. आधी राहिलेलं किरकोळ: वायर, पायपुसणं, भिंतीवरचं कॅलेंडर. मग दिवाण, पण एकदम नाही. दिवाणाचा आपल्याकडचा भाग आधी, तो नीट भरला की त्याच्या मागचा. प्रत्येक टप्प्यात आधीची साफ झालेली फरशी पुढच्या भागासाठी पुरावा बनते. कपाट सगळ्यात शेवटी, कारण कोपरा त्याच्यामागे आहे आणि कोपऱ्याला दोन्ही बाजूंनी आधार लागतो.

दिवाण निघाल्यावर आमच्याकडे भिंत चांगली आली, पुढचे दोन जॉइंटही जुळले. मागे मात्र फरशी पुसट झाली आणि भिंतीचा तळ ८ पिक्सेल वर चढला. कपाटाच्या जागी कोपरा गोल झाला, जणू भिंत वळून फरशीत उतरली आहे. हे असंच होतं, चार वेळा पुन्हा चालवून सुधारत नाही. इथे हात लावावा लागतो.

## ६. मोडलेल्या रेघा हाताने काढा

आखलेला लेयर पुन्हा दाखवा. LaMa ने भरलेल्या चित्रावर कोपऱ्याच्या तीन बाजू वेगवेगळ्या निवडा: समोरची भिंत, डावी भिंत, फरशी. प्रत्येक निवडीच्या आत शेजारचा रंग क्लोन करा. निवड असल्यामुळे रंग कडेपलीकडे जात नाही आणि कड धारदार राहते. दोन भिंतींचा रंग एकच असला तरी छटा वेगळ्या असतात, खिडकीसमोरची भिंत उजळ असते. कोपरा डोळ्यांना दिसतो तो या छटांच्या फरकामुळे. दोन्हीकडे एकच छटा भरली तर कोपराच नाहीसा होतो.

जॉइंट काढताना रंग उघड्या जॉइंटवरून, शक्यतो त्याच अंतरावरच्या, उचला. पुढे ३ पिक्सेल जाड, मागे १ पिक्सेल. काळा रंग घेऊ नका. खरा जॉइंट फरशीपेक्षा थोडासाच गडद असतो.

## ७. Stable Diffusion चा हलका हात

हाताने काढलेला भाग चिकटवल्यासारखा दिसतो. तो आजूबाजूशी मिसळण्यासाठी `Inpaint` टॅबमध्ये घ्या, इनपेंटिंगसाठीचंच मॉडेल निवडा आणि या तीन गोष्टी सांभाळा.

`Masked content` मध्ये `original` ठेवा. `latent noise` निवडलं तर तुम्ही आखलेलं सगळं टाकून मॉडेल नव्याने सुरुवात करतं.

`Denoising strength` ०.३ ते ०.४. पोत येतो, रेघ जागेवर राहते. ०.७ च्या पुढे गेलात तर दिवाणाच्या आकाराच्या मास्कमध्ये दिवाणासारखंच काहीतरी परत येतं, कारण भिंतीला लागून असलेल्या लांबट चौकोनी जागेत फर्निचर असतं असंच ते शिकलेलं आहे.

तिसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. `Inpaint area` ला `Only masked` ठेवलं की मॉडेल फक्त मास्कभोवतीचा तुकडा कापून घेतं, आणि `Only masked padding` मुळात ३२ पिक्सेल असतं. एवढ्या तुकड्यात जॉइंटचं टोक जेमतेम दिसतं, दिशा कळत नाही, म्हणून रेघ मास्कच्या कडेला तुटते किंवा खाली सरकते. पॅडिंग १२८ किंवा जास्त करा, किंवा सरळ `Whole picture` घ्या. `Mask blur` ४ ते ८ पुरे.

प्रॉम्प्ट साधा: `empty room, bare plain wall, glossy square floor tiles`. "सोफा नको" असं काही लिहू नका. प्रॉम्प्टमध्ये सोफा हा शब्द आला की सोफा यायची शक्यता वाढते.

## ८. रिस्टाइलआधी तपासणी

मी चार गोष्टी बघते. चित्र आडवं उलटवून, म्हणजे डावं उजवं करून बघते, सवयीच्या डोळ्यांना न दिसलेला वाकडेपणा लगेच दिसतो. आखलेला लेयर वर ठेवून चालूबंद करते, रेघ २ पिक्सेलपेक्षा जास्त हलली असेल तर परत सहाव्या पायरीवर. मूळ फोटो खाली ठेवून तसंच चालूबंद करते, खिडकी, बीम आणि स्विचबोर्ड जागेवर हवेत. शेवटी वेब यूआयला वेगळं जोडायच्या ControlNet एक्स्टेंशनमधल्या MLSD प्रीप्रोसेसरची झलक काढते. तो चित्रातल्या फक्त सरळ रेघा काळ्यावर पांढऱ्या दाखवतो. कोपऱ्यातून तीन अखंड रेघा निघताना दिसल्या पाहिजेत. त्या झलकेत रेघ तुटलेली असेल तर रिस्टाइलमध्ये तिथे हमखास खाच, खांब किंवा पायरी येते. आमच्या पहिल्या चित्रातली पायरी अशाच तुटलेल्या रेघेतून आली होती. ती झलक मी तेव्हा काढली असती तर मला ती आधीच दिसली असती.

## ९. आता रिस्टाइल

रिकाम्या हॉलचं चित्र `img2img` मध्ये, सोबत ControlNet चं MLSD, आणि जमलं तर depth ही. `Denoising strength` ०.५ ते ०.६ ने सुरू करा. रंग आणि फर्निचर बदलतं, भिंती हलत नाहीत. फरशीच बदलायची असेल तर नव्या फरशीच्या जॉइंटवरही आखलेला लेयर ठेवून बघा. बिंदू तोच राहिला पाहिजे.

घरच्यांना दाखवताना तीन चित्रं शेजारी ठेवा: मूळ, रिकामा, नवा. रिकाम्या चित्रात कुठला भाग खरा आणि कुठला आपण भरलेला ते बोटाने दाखवा. कपाटामागच्या भिंतीला ओल असू शकते, आपण तिथे कोरडी भिंत रंगवलेली असते. काकूंनी चित्र बघून त्याच कोपऱ्यात वॉलपेपर लावायचं ठरवलं, तेव्हा मी आधी कपाट हलवून बघायला सांगितलं. तळापासून फूटभर पोपडे सुटलेले होते. वॉलपेपर मग दुसऱ्या भिंतीवर गेला.